चरबीची गाठ म्हणून काढली आणि रिपोर्टमध्ये सार्कोमा आला: मधे नेमकं काय चुकतं?

हातापायात गाठ आली आणि ती दुखत नसेल तर बहुतेक जण महिनोन्महिने तिच्याकडे बघत सुद्धा नाहीत, आणि शंभरातल्या नव्व्याण्णव किंवा त्याहून जास्त गाठींच्या बाबतीत त्याने काही बिघडतही नाही, कारण त्या चरबीच्या नाहीतर दुसऱ्या कुठल्यातरी साध्या गाठी असतात. अडचण उरलेल्या त्या एखाद्या गाठीची आहे. ती पण दुखत नाही, तिच्यामुळे ताप येत नाही, वजन उतरत नाही, रक्ताच्या तपासण्या नॉर्मल येतात, माणूस रोजची कामं करत असतो, आणि मांडीत खोलवर ती वाढत असते. याला सॉफ्ट टिश्यू सार्कोमा म्हणतात, म्हणजे स्नायू, चरबी, नसांचं आवरण अशा मऊ भागांमधून येणारा कॅन्सर. प्रौढांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये याचा वाटा जेमतेम १ टक्का, त्यातही पन्नासच्या वर प्रकार, आणि सगळ्यात जास्त वेळा तो सापडतो तो मांडीत.

इतका दुर्मिळ असल्यामुळेच एक गोष्ट वारंवार घडते आणि आज मला तिच्याबद्दलच लिहायचं आहे. गाठ साधी समजून, एमआरआय नाही, बायोप्सी नाही, सरळ काढून टाकली जाते, आणि आठदहा दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो की हा सार्कोमा आहे. याला अनप्लॅन्ड एक्सिजन म्हणतात, म्हणजे कॅन्सर आहे हे माहीत नसताना, त्या हिशोबाने आखणी न करता केलेलं ऑपरेशन. घरच्यांना वाटतं की चला, निदान गाठ तरी निघाली. पण या ऑपरेशनने पुढची सगळी ट्रीटमेंट अवघड करून ठेवलेली असते, आणि ती कशी ते नीट समजून घेतलं तर आधी काय करायला हवं होतं ते आपोआप कळतं.

एक केस घेऊ. ही कोणा एका पेशंटची नाही, नेहमी जे दिसतं ते एकत्र करून मांडलेली आहे. बाईंचं वय ४४, उजव्या मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला आठ महिन्यांपासून गाठ. त्यांच्या मते टेबलाचा कोपरा लागला होता, त्यानंतर आली. हे असं खूप जण सांगतात, म्हणजे मार लागल्यामुळे सार्कोमा होत नाही, पण मार लागला की माणूस तिथे हात लावून बघतो आणि आधीपासून असलेली गाठ तेव्हा लक्षात येते. पहिले काही महिने ती फारशी जाणवत नव्हती, शेवटच्या तीन महिन्यांत वाढली, आता साधारण ७ सेंटीमीटर. दुखत नाही. हाताला घट्ट लागते, आणि मांडीचा स्नायू ताणला, म्हणजे गुडघा सरळ ठेवून पाय उचलला, की हलायची थांबते. या शेवटच्या खुणेकडे लक्ष द्या. गाठ स्नायू ताणल्यावर जागीच पक्की होत असेल तर ती कातडीखालच्या चरबीत नाहीये, फॅशिया नावाचा जो जाड पडदा स्नायूंवर असतो त्याच्या खाली, स्नायूत आहे.

म्हणजे डॉक्टरांच्या समोर त्या दिवशी तीन गोष्टी होत्या, ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी, वाढणारी, आणि फॅशियाच्या खाली. यातली एक जरी असली तरी गाठीचं निदान झाल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, आणि एकदा काढलेली गाठ त्याच जागी परत आली असेल तर ती चौथी गोष्ट. दुखणं या यादीत मी मुद्दाम वर ठेवलं नाही, दुखत असेल तर संशय वाढतो हे खरं, पण दुखत नाही म्हणून संशय कमी करायचा नसतो, उलट सार्कोमाच्या बहुतेक गाठी कितीतरी दिवस दुखतच नाहीत.

या नियमाच्या बाहेर राहणाऱ्या पण गाठी आहेत आणि त्या जास्त फसवतात. सायनोव्हियल सार्कोमा नावाचा प्रकार तरुण मुलामुलींमध्ये येतो, गुडघ्याजवळ, घोट्याजवळ, पावलात, कधी २-३ सेंटीमीटरचाच असतो आणि वर्षानुवर्षं इतका हळू वाढतो की सगळे त्याला गँगलियन म्हणजे सांध्याजवळची पाण्याची गाठ समजतात. तसाच मिक्सोफायब्रोसार्कोमा, हा वयस्कर लोकांमध्ये बऱ्याचदा कातडीच्या लगेच खाली असतो, त्यामुळे खोल नाही म्हणून कोणाला संशय येत नाही. म्हणून आकाराचा नियम धोका ओळखायला वापरायचा, गाठीला क्लीन चिट द्यायला नाही. छोट्या वरवरच्या गाठीची निदान सोनोग्राफी तरी करावी, त्यात ती नेहमीची चरबीची गाठ दिसली तर बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो, आणि थोडं जरी वेगळं दिसलं तर पुढे एमआरआय.

आता त्या बाईंचं पहिलं ऑपरेशन. चरबीची गाठ असं लिहून मांडीवर ६ सेंटीमीटरचा आडवा छेद घेतला, कारण आडवा व्रण बारीक दिसतो. फॅशिया उघडला, स्नायूचे तंतू बाजूला केले, आत एक गोलसर, करड्या-पांढऱ्या रंगाची गाठ दिसली, तिच्याभोवती छान आवरण दिसलं, बोट फिरवून ती सोडवली, काढताना एका ठिकाणी फुटली. रक्त साठू नये म्हणून ड्रेनची नळी घातली आणि ती जखमेपासून चार बोटं लांब, मांडीच्या बाहेरच्या बाजूने वेगळ्या भोकातून बाहेर काढली. टाके घातले. साध्या गाठीसाठी यातलं बहुतेक सगळं चालून जातं. सार्कोमासाठी जवळपास प्रत्येक पायरी महागात पडते.

सगळ्यात आधी ते आवरण. सर्जनला बोटाखाली जे गुळगुळीत आवरण लागलं ते गाठीचं स्वतःचं नव्हतंच. सार्कोमा वाढताना भोवतालच्या स्नायूला चेपत जातो आणि त्या चेपलेल्या थराचंच कवच तयार होतं, ज्याला स्यूडोकॅप्सूल म्हणतात. वाढत्या गर्दीने कडेच्या लोकांना भिंतीला लावावं आणि लांबून बघणाऱ्याला ती माणसांची ओळच भिंत वाटावी, पण तिच्यात गर्दीतलेही काही जण मिसळलेले असावेत, तसं आहे हे. त्या कवचात कॅन्सरच्या पेशी असतात, त्याच्या बाहेर सुजलेला एक थर असतो त्यात पण असतात, आणि जास्त ग्रेडच्या, म्हणजे जास्त आक्रमक, ट्यूमरमध्ये थोड्या अंतरावर बारीक वेगळ्या पुंजक्यांच्या रूपात सुद्धा सापडतात. त्यामुळे गाठ कवचाच्या लगत सहज सुटून आली याचा अर्थ सर्जनची पातळी नेमकी कॅन्सरच्या पेशींमधून गेली. अशा पेशंटचं परत ऑपरेशन केल्यावर काढलेल्या भागात शिल्लक ट्यूमर किती जणांत सापडतो, तर वेगवेगळ्या हॉस्पिटलांच्या अनुभवात साधारण एक तृतीयांशापासून दोन तृतीयांशापर्यंत. पहिल्या सर्जनने "गाठ पूर्ण काढली" असं लिहिलेलं असतं आणि त्याच्या डोळ्यांना ते खरंच तसं दिसलेलं असतं, म्हणून मी याला निष्काळजीपणाच म्हणेन असं नाही, चूक ऑपरेशन टेबलावर व्हायच्या आधीच झालेली असते.

दुसरी गोष्ट रक्ताची. गाठ काढल्यावर पोकळी उरते, तिच्यात रक्त साठतं, आणि ते रक्त स्नायूंच्या फटींमधून जिथे वाट मिळेल तिथे पसरतं. मांडीचे स्नायू वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, पुढचा, मागचा, आतला, आणि कप्प्यांमधले पडदे ट्यूमरला बराच काळ अडवून धरतात, पण सर्जनच्या कात्रीने पडदा उघडला तर ही अडवणूक गेली. जिथे जिथे ते रक्त आणि ती हत्यारं पोचली तो सगळा भाग आता कॅन्सरच्या पेशी असू शकतील असा धरावा लागतो. ड्रेनची नळी ज्या वाटेने बाहेर आली ती वाट पण त्यातच. नळी जखमेच्या टोकाशी, छेदाच्या रेषेतच काढली असती तर पुढच्या ऑपरेशनमध्ये ती वाट आपोआप निघाली असती, चार बोटं लांब काढल्यामुळे तेवढी कातडी आणि त्याखालचा बोगदा वेगळा काढायला लागतो.

आणि आडवा छेद. हातापायावरचं सार्कोमाचं ऑपरेशन नेहमी उभ्या छेदाने, म्हणजे पायाच्या लांबीच्या दिशेने होतं, कारण स्नायू, रक्तवाहिन्या, नसा सगळ्या त्याच दिशेने जातात. उभा व्रण असेल तर पुढच्या वेळी तो चिंचोळ्या पट्टीत काढून कडा परत जोडता येतात. आडवा व्रण काढायचा तर कातडीचा रुंद तुकडा जातो आणि मांडीच्या कडा एकमेकींपर्यंत येत नाहीत.

हे सगळं टळलं कसं असतं? एमआरआयने. आणि बायोप्सीच्या आधी केलेल्या एमआरआयने, कारण सुई घातल्यावर रक्त आणि सूज येते आणि चित्र गढूळ होतं. या बाईंचा एमआरआय पहिल्या दिवशी झाला असता तर काय काय कळलं असतं ते बघा. चरबीची साधी गाठ टी१ नावाच्या चित्रात कातडीखालच्या चरबीसारखीच पांढरीशुभ्र दिसते आणि चरबी दाबून टाकणाऱ्या चित्रात, म्हणजे फॅट सप्रेशनमध्ये, चरबीबरोबरच पूर्णपणे काळी पडते. दोन्ही ठिकाणी ती चरबीच्या जोडीने चालली तर ती चरबी. जाड पडदे, मधेच चरबी नसलेला गोळा असं काही दिसलं तर लायपोसार्कोमाचा, म्हणजे चरबीच्या सार्कोमाचा विचार. आपल्या केसमधली गाठ टी१ मध्ये स्नायूसारखी करडी, टी२ मध्ये ठिकठिकाणी पांढरी, आणि गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिल्यावर कडेने उजळणारी आणि मधे मेलेल्या भागामुळे काळी राहणारी अशी दिसली असती. एवढं दिसल्यावर तिला चरबीची गाठ कोणीच म्हणालं नसतं.

एमआरआय बहुतेक वेळा नेमका कुठला सार्कोमा हे सांगत नाही, ते बायोप्सीचं काम. एमआरआय सांगतो की कुठून कुठपर्यंत. तिन्ही दिशांना माप किती, फॅशियाच्या वर की खाली, कुठल्या कप्प्यात, कुठल्या स्नायूत, मुख्य रक्तवाहिनीपासून किती लांब, मधे चरबीचा थर शिल्लक आहे का, रक्तवाहिनीला ट्यूमर नुसता टेकलाय की अर्ध्याहून जास्त घेर वेढून बसलाय, नर्व्हचं काय, हाडाचं आवरण आणि आतली मज्जा साफ आहे का, सांध्यात शिरलाय का. रिपोर्ट वाचताना मी तरी आधी या ओळी शोधते, प्रकाराचं नाव नंतर. भोवतालची सूज किती लांब गेलीये हे पण बघायचं, कारण त्या सुजेत पेशी असू शकतात, आणि मिक्सोफायब्रोसार्कोमात तर फॅशियाच्या कडेने शेपटीसारखी एक बारीक रेघ जाते, ती रिपोर्टमधून सुटली तर ऑपरेशनमध्येही सुटते.

दोन ठिकाणी एमआरआय वाचताना हमखास फसगत होते. एक म्हणजे मिक्सॉइड प्रकारचे ट्यूमर, त्यांच्यात पाण्याचं प्रमाण इतकं असतं की टी२ मध्ये ते अगदी पाण्याच्या गाठीसारखे चमकतात. इथे इंजेक्शन न देता केलेला एमआरआय उपयोगाचा नाही, कारण पाण्याची गाठ इंजेक्शननंतर फक्त बारीक कडेने उजळते आणि ट्यूमर आतून उजळतो. दुसरं म्हणजे रक्ताची गाठ. सार्कोमाच्या आत रक्तस्राव झाला की सगळं चित्र हिमॅटोमाचं दिसतं, आणि पेशंट मार लागल्याचं सांगतच असतो. पण खरा हिमॅटोमा आठवड्या-आठवड्याने लहान होत जातो, सुरुवातीला वर कातडीवर काळंनिळं पडलेलं असतं. दीडदोन महिन्यांनी तो तेवढाच आहे किंवा वाढलाय, आणि कडेला उजळणारा एखादा गोळा दिसतोय, तर तो सार्कोमा आहे असं धरूनच पुढे जायचं, बायोप्सीने खोटं ठरेपर्यंत.

एमआरआयनंतर जाड सुईची बायोप्सी, म्हणजे कोअर बायोप्सी. साधारण १४ किंवा १६ गेजची सुई, सोनोग्राफी किंवा सीटी बघत, मेलेल्या मधल्या भागातून न घेता उजळणाऱ्या भागातून, आणि एकाच जागेतून आत जाऊन तीनचार तुकडे. सुई कुठून घालायची हे पुढचं ऑपरेशन जो करणार आहे त्या सर्जनने ठरवायचं, कारण सुईची वाट त्याच्या उभ्या छेदात यायला हवी आणि एकाच कप्प्यातून जायला हवी. बारीक सुईने पेशी ओढून काढतात ती एफएनएसी इथे बऱ्याचदा कमी पडते, नुसत्या सुट्या पेशींवरून प्रकार आणि ग्रेड सांगणं अवघड असतं. बायोप्सीने कॅन्सर पसरतो अशी एक भीती लोकांच्या मनात पक्की बसलेली आहे, आणि तिच्यामुळेच "त्यापेक्षा गाठच काढा ना" असं पेशंट स्वतःहून म्हणतात. विचार करा, नीट आखलेली सुई २ मिलिमीटरची वाट करते आणि ती वाटही नंतर काढली जाते, न आखलेलं ऑपरेशन अख्खा कप्पा उघडा टाकतं.

तर बाईंचा रिपोर्ट आला, अनडिफरन्शिएटेड प्लिओमॉर्फिक सार्कोमा, ग्रेड ३, कडा पॉझिटिव्ह, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी. त्या आता सार्कोमा बघणाऱ्या टीमकडे आल्या. पहिली अडचण अशी की गाठच नाहीये. तिचं माप, फॅशियाशी नातं, रक्तवाहिनीपासूनचं अंतर, सगळं आता जुन्या कागदांवरून आणि आठवणीवरून जुळवायचं, आणि पहिल्या ऑपरेशनच्या आधीचं एकही चित्र नाही. पॅथॉलॉजीचे ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेले गाठीचे तुकडे, मागवून सार्कोमा नेहमी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून परत तपासले, कारण या आजारात दुसऱ्या नजरेने निदान बदलायचं प्रमाण चांगलंच आहे. छातीचा सीटी केला, कारण हातापायाचा सार्कोमा पसरला तर सगळ्यात आधी बहुधा फुप्फुसात जातो. तो साफ होता.

ऑपरेशननंतर पाच आठवड्यांनी एमआरआय झाला, ड्रेनच्या व्रणावर आणि टाक्यांच्या दोन्ही टोकांवर मार्कर चिकटवून, म्हणजे चित्रात त्या जागा कळतात. आत ५ सेंटीमीटरची पाण्याची पोकळी, तिच्या खालच्या भिंतीला १२ मिलिमीटरचा उजळणारा गोळा, व्हास्टस लॅटरॅलिस म्हणजे मांडीच्या बाहेरच्या मोठ्या स्नायूत पसरलेली सूज, ड्रेनच्या वाटेवर पण सूज. हाड साफ. मांडीची मुख्य रक्तवाहिनी आतल्या बाजूला, बरीच लांब. तो गोळा बहुतेक ट्यूमर, पण ती सूज नुसती ऑपरेशनची की पेशी असलेली, हे एमआरआयला ठरवता येत नाही, भरत आलेली जखम पण इंजेक्शननंतर उजळते. आणि समजा गोळा दिसलाच नसता, चित्र एकदम साफ असतं, तरी शिल्लक काही नाही असं म्हणता आलं नसतं, कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे पुंजके एमआरआयला दिसत नाहीत. "एमआरआय क्लीन आहे मग परत कशाला कापायचं" हा प्रश्न प्रत्येक घरातून येतो आणि त्याचं उत्तर हे आहे.

इथे पेशंटच्या मनात आणखी एक प्रश्न असतो जो बऱ्याचदा विचारलाच जात नाही, पाय जाणार का? एके काळी जास्त ग्रेडच्या सार्कोमाला पाय कापणं हाच पक्का उपाय मानला जायचा. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने ४३ पेशंटची चाचणी १९८२ मध्ये प्रसिद्ध केली, त्यात १६ जणांचा पाय किंवा हात कापला आणि २७ जणांचा वाचवून ट्यूमर काढला आणि रेडिएशन दिलं. वाचवलेल्या गटात त्याच जागी आजार परत येणारे ४ निघाले, पण किती जण जगले यात दोन्ही गटांत फरक नव्हता. चाचणी लहान होती, पण तिने दिशा बदलली, आणि आज अनुभवी सेंटरमध्ये दहातल्या नऊ किंवा त्याहून जास्त पेशंटचा हातपाय वाचतो.

वाचवायचा म्हणजे नेमकं कसं? ट्यूमर असा काढायचा की ऑपरेशनभर तो सर्जनला दिसताच कामा नये. चारी बाजूंनी निरोगी टिश्यूचा थर, म्हणजे मार्जिन, ठेवून, जिथे नुसता स्नायू किंवा चरबी आहे तिथे साधारण १ ते २ सेंटीमीटर, आणि जिथे फॅशिया किंवा हाडाचं आवरण असा पक्का पडदा आहे तिथे काही मिलिमीटर पण चालतात, कारण पडदा पेशींना सहज ओलांडता येत नाही. मार्जिनचा दर्जा नुसत्या सेंटीमीटरवर ठरत नाही, मधे काय आहे त्यावर ठरतो. मुख्य नर्व्ह किंवा रक्तवाहिनी ट्यूमरला नुसती टेकलेली असेल तर तिचं बाहेरचं आवरण ट्यूमरबरोबर काढून ती वाचवतात, आणि त्या एवढ्याशा जागी मार्जिन अगदी पातळ राहणार हे आधीच माहीत असतं, म्हणून रेडिएशनची जोड असते. आधीपासून ठरवून, एका नर्व्हवर पातळ ठेवलेली मार्जिन आणि गाठ फोडून राहिलेली पॉझिटिव्ह कड या दोन्ही रिपोर्टमध्ये सारख्याच लिहिल्या जातील, पण दुसरीत आजार परत यायचा धोका फार जास्त असतो. रक्तवाहिनी पूर्ण वेढलेली असेल तर तेवढा तुकडा काढून ग्राफ्ट घालतात. सायॅटिक नर्व्ह काढावी लागली तरी पाऊल उचलायला आधार लावून माणूस चालू शकतो. पाय काढायची वेळ येते ती नर्व्ह, रक्तवाहिनी, हाड सगळंच एकदम गेलेलं असेल, किंवा अनेक कप्पे भरलेले असतील, म्हणजे पाय ठेवला तरी तो कामाचा राहणार नाही, तेव्हा.

रेडिएशन आधी की नंतर, यात खरी देवाणघेवाण आहे. ग्रे हे रेडिएशनच्या डोसाचं माप. आधी दिलं तर ५० ग्रे, २५ दिवसांच्या डोसात पाच आठवडे, आणि भाग लहान. नंतर दिलं तर ६० ते ६६ ग्रे आणि अख्खी ऑपरेशनची जागा. २००२ मध्ये आलेल्या कॅनडातल्या चाचणीत आधी रेडिएशन दिलेल्यांच्या ३५ टक्के जखमांना त्रास झाला, नंतर दिलेल्यांत १७ टक्के. पण जखमेचा त्रास काही महिन्यांत निस्तरता येतो, जास्त डोसामुळे पुढे पाय कडक होणं, सूज राहणं हे कायमचं असतं, म्हणून बऱ्याच टीम आधी द्यायला पसंती देतात आणि मला पण तेच पटतं. फक्त एक काळजी, पायाच्या पूर्ण घेराला रेडिएशन द्यायचं नाही, लांबीच्या दिशेने कातडीची एक पट्टी सोडायची म्हणजे लिम्फचा निचरा चालू राहतो, नाहीतर पाय कायमचा सुजतो. आता आडवा व्रण आणि लांबचा ड्रेन दोन्ही रेडिएशनच्या भागात घ्यायचे म्हटल्यावर ही पट्टी सोडणं किती अवघड झालं असेल ते तुमच्या लक्षात आलं असेल.

बाईंना ५० ग्रे दिलं, मग पाच आठवडे थांबून ऑपरेशन. आडवा व्रण, ड्रेनचं भोक, त्यांच्या मधली कातडी, खालची पोकळी न उघडता, जवळपास सगळा व्हास्टस लॅटरॅलिस, त्याखालच्या स्नायूचा थोडा भाग, आणि खोलच्या बाजूला मांडीच्या हाडाचं आवरण, हे सगळं एका तुकड्यात काढलं. मांडीच्या पुढच्या चार स्नायूंपैकी बाकीचे राहिले म्हणून गुडघा सरळ करायची ताकद कमी झाली पण गेली नाही. कातडी जुळत नव्हती, प्लास्टिक सर्जनने फ्लॅप, म्हणजे दुसरीकडच्या टिश्यूचा तुकडा, रक्तवाहिन्यांसकट आणून जागा झाकली. खालच्या कोपऱ्यात जखम उघडली, तीन आठवडे ड्रेसिंग चाललं, मग भरली. रिपोर्टमध्ये दोन ठिकाणी जिवंत ट्यूमर सापडला, एक तो १२ मिलिमीटरचा गोळा आणि एक अगदी बारीक पुंजका, ड्रेनच्या वाटेवर, एमआरआयमध्ये जिथे नुसती सूज वाटत होती तिथे. कडा निगेटिव्ह. हाडाचं आवरण काढलं आणि रेडिएशनही दिलं, त्यामुळे पुढे काही वर्षं ते हाड मोडायचा धोका थोडा जास्त, हे त्यांना समजावून सांगितलं.

हेच पहिल्यापासून आखून झालं असतं तर स्नायू बहुधा तोच गेला असता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण उभा छेद सरळ शिवता आला असता, फ्लॅपचं आठ तासांचं ऑपरेशन टळलं असतं, रेडिएशनचा भाग लहान राहिला असता आणि भूल दोनदा घ्यावी लागली नसती. आयुष्य कमी होतं का यावर अभ्यासांचं एकमत नाही, काहींमध्ये नीट दुसरं ऑपरेशन केल्यावर फरक दिसत नाही, काहींमध्ये त्याच जागी आजार परत यायचं प्रमाण जास्त दिसतं. म्हणून असा रिपोर्ट हातात असलेल्यांनी सगळं संपलं असं समजू नये, पण "बघू, परत आली तर काढू" असंही करू नये.

अशा वेळी टाके सुकायच्या आधीच पुढची वाट धरायची, आणि जाताना सोबत काय न्यायचं ते सांगते. पहिल्या ऑपरेशनची सविस्तर नोट, नुसतं डिस्चार्ज कार्ड नाही, त्यात छेद कसा घेतला, गाठ कुठल्या थरात होती, फुटली का, ड्रेन कुठून काढला हे असतं. पॅथॉलॉजीचे मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड, ते तुम्हाला मागता येतात. आधी कधी सोनोग्राफी झाली असेल तर तिची चित्रं. मोबाईलमध्ये गाठीचा जुना फोटो असेल तर तो सुद्धा, कारण गाठ नेमकी कुठे आणि केवढी होती याचा कधी कधी तेवढाच पुरावा उरलेला असतो. त्याच जागी कुठल्याही सर्जनकडून घाईने परत थोडं कापून घेऊ नका, आधी एमआरआय आणि टीमची मीटिंग होऊ दे. ट्रीटमेंट झाल्यावर पहिली दोनतीन वर्षं दर तीनचार महिन्यांनी जागेची तपासणी आणि छातीचं स्कॅन, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. मधल्या काळात व्रणाच्या आसपास, फ्लॅपच्या कडेला किंवा ड्रेनच्या जुन्या जागी हाताला नवीन काही घट्ट लागलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच आठवड्यात दाखवायचं.